पुन्हा स्वर कधी येईल? परतीचा काळ आणि हजेरीचा वाटा

१९१३ सालच्या जानेवारीत आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीसमोर एक विचित्र हिशेब मांडला. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य कादंबरीची पहिली वीस हजार अक्षरे त्याने हाताने लिहून काढली होती. मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे काढून टाकली. रशियन लिपीत ज्या दोन चिन्हांना स्वतःचा उच्चार नसतो, तीही गाळली. मग शंभर-शंभर अक्षरांचे चौकोन केले, दहा ओळी आणि दहा रकाने, असे दोनशे. आणि प्रत्येक अक्षराबद्दल एकच प्रश्न विचारला : हा स्वर की व्यंजन?

स्वर निघाले ८६३८ आणि व्यंजने ११३६२. स्वरामागून लगेच स्वर आला अशा जोड्या ११०४.

आपल्याला लागणारा सगळा कच्चा माल एवढाच आहे. मार्कोव्हला यातून काय सिद्ध करायचे होते ती गोष्ट वेगळी. त्याचे आकडे उसने घेऊन मला एक छोटा नियम दाखवायचा आहे. एखाद्या साखळीत तुम्ही आत्ता एका स्थितीत आहात. त्याच स्थितीत पुन्हा यायला सरासरी किती पावले लागतील? उत्तर असे : ती स्थिती एकूण वेळेचा जेवढा वाटा व्यापते, त्या वाट्याचा व्यस्त. वाटा एक चतुर्थांश असेल तर चार पावले, एक शतांश असेल तर शंभर पावले. नियम ऐकताना इतका सरळ वाटतो की मान डोलावून माणूस पुढे जातो, आणि त्यातली खरी गंमत तिथेच सुटते.

आधी आपल्या भाषेत थोडे हात चालवून बघू. देवनागरीत ‘क’ हे एक अक्षर दिसते, पण त्यात क् आणि अ असे दोन उच्चार दडलेले असतात, त्यामुळे मोजायचे तर अक्षर फोडावे लागते. ‘मला पाणी दे’ फोडा : म् अ ल् आ प् आ ण् ई द् ए. एकाआड एक, अगदी कवायतीसारखे. दहा उच्चारांत पाच स्वर, आणि एका स्वरापासून पुढच्या स्वरापर्यंत प्रत्येक वेळी दोन पावले. वाटा अर्धा, परतीचा काळ दोन. आता ‘आई’ म्हणा, म्हणजे स्वराला लागून स्वर, अंतर एक पाऊल. किंवा एखाद्या स्वरानंतर ‘स्त्री’ येऊ द्या : स् त् र् आणि मग ई, म्हणजे अंतर चार पावले. खऱ्या मजकुरात ही अंतरे अशी कमीजास्त होत राहतात, आणि आपल्याला हवी आहे त्यांची सरासरी.

पुन्हा पुश्किनकडे येऊ. ८६३८ स्वरांपैकी ११०४ स्वरांच्या मागून लगेच स्वर आला. म्हणजे स्वरानंतर स्वर येण्याची शक्यता ११०४ भागिले ८६३८, साधारण ०.१२८. उरलेल्या ०.८७२ वेळा व्यंजन येते. व्यंजनांचे काय? एकूण ८६३८ स्वरांतले ११०४ स्वरामागून आले, तर उरलेले ७५३४ व्यंजनामागून आले असणार. ७५३४ भागिले ११३६२ म्हणजे ०.६६३. व्यंजनानंतर स्वर येण्याची शक्यता ही. व्यंजनानंतर व्यंजनच येण्याची शक्यता उरली ०.३३७.

झाली दोन स्थितींची साखळी. पुढचे पाऊल ठरवताना फक्त ‘आत्ता कुठे आहोत’ एवढेच बघायचे, त्याआधीचे विसरायचे. अशा साखळीला मार्कोव्हचेच नाव मिळाले आहे.

आता परतीचा काळ दोन वाटांनी काढू. पहिली वाट सरळ हिशेबाची. मी एका स्वरावर उभा आहे. एक पाऊल तर टाकावेच लागणार. ०.१२८ शक्यतेने त्या एका पावलातच मी पुन्हा स्वरावर, काम फत्ते. ०.८७२ शक्यतेने मी व्यंजनावर पडलो. तिथून प्रत्येक पावलाला सुटकेची शक्यता ०.६६३, म्हणून सुटायला सरासरी १ भागिले ०.६६३, म्हणजे १.५०८ पावले. (लुडोत सहा पडायला सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो, तोच हिशेब.) एकूण झाले १ अधिक ०.८७२ गुणिले १.५०८. उत्तर २.३१५.

दुसरी वाट फार आळशी माणसाची आहे. वीस हजार अक्षरांत ८६३८ स्वर, म्हणजे स्वरांचा वाटा ०.४३१९. एक भागिले ०.४३१९ बरोबर २.३१५.

दोन्ही उत्तरे जुळली. पहिल्या वाटेने जाताना ०.१२८ आणि ०.६६३ असे दोन आकडे हाताळले, दुसऱ्या वाटेने फक्त एक. मी हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा मला वाटले की आपण कुठेतरी तोच आकडा फिरवून फिरवून पुन्हा वापरतोय. तसे काही अंशी आहेच, पण ते फसवणुकीच्या अर्थाने नाही.

कारण असे. ती वीस हजार अक्षरे एका लांबलचक दोरीवर मणी ओवल्यासारखी समजा, आणि स्वर म्हणजे त्यातले लाल मणी. एका लाल मण्यापासून पुढच्या लाल मण्यापर्यंतचा तुकडा म्हणजे एक परतफेरी. लाल मणी ८६३८, तेव्हा तुकडेही तितकेच, एखादा इकडे किंवा तिकडे. आणि सगळे तुकडे जोडले की पूर्ण दोरी, वीस हजार मण्यांची. मग एका तुकड्याची सरासरी लांबी किती? दोरीची लांबी भागिले तुकड्यांची संख्या. २०००० भागिले ८६३८. म्हणजे वाट्याचा व्यस्तच. चौथीतला भागाकार.

कडेला थोडी खळखळ असते, ती लपवू नये. दोरीच्या सुरुवातीला, पहिल्या लाल मण्याच्या आधीचा तुकडा अर्धवट, शेवटच्या लाल मण्यानंतरचाही अर्धवट. पण दोरी जितकी लांब तितका या दोन टोकांचा हिस्सा क्षुल्लक. राहता राहिला प्रश्न की पुरेशा लांब दोरीवर तुकड्यांची सरासरी एका ठराविक आकड्यावर स्थिरावते का. मार्कोव्ह साखळीत ती स्थिरावते, कारण प्रत्येक वेळी स्वरावर आलो की साखळी मागचे सगळे विसरते आणि नव्याने सुरुवात करते. प्रत्येक तुकडा म्हणजे जणू फाशाची नवी फेक, मागच्या तुकड्याशी त्याचे देणेघेणे नाही. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या सारख्या प्रयोगांची सरासरी आपल्या अपेक्षित मूल्याकडे जाते, हे फाशावरून आपल्याला माहीत आहे.

आणखी एक बारकी गोष्ट. मी स्वरांचा वाटा मोजून काढला, पण समजा मजकूर हातात नाही, फक्त शक्यता हातात आहेत. तेव्हा वाटा ‘आवक बरोबर जावक’ या तत्त्वाने काढतात. स्वरांमधून बाहेर पडणारी रहदारी म्हणजे स्वरांचा वाटा गुणिले ०.८७२. स्वरांकडे येणारी रहदारी म्हणजे व्यंजनांचा वाटा गुणिले ०.६६३. दीर्घकाळात दोन्ही सारख्या व्हायला हव्यात, नाहीतर एका बाजूला गर्दी वाढतच जाईल. दोन वाट्यांची बेरीज एक धरून हे सोडवले की स्वरांचा वाटा येतो ०.६६३ भागिले १.५३५, म्हणजे पुन्हा ०.४३१९.

इथपर्यंत नियम पटला असेल, पण त्याची धार अजून दिसलेली नाही. ती पाहायला पुश्किनच्या कवितेची मोडतोड करू. वीस हजार अक्षरांच्या चिठ्ठ्या करा, पोत्यात घाला, खळखळा हलवा आणि एकेक काढून ओळीने मांडा. काव्य गेले, भाषा गेली, उरली नुसती खिचडी. आता स्वरानंतर स्वर येण्याची शक्यता १२.८ टक्के राहिली नाही, ती झाली ४३.२ टक्के, कारण मागे काय आले याचा पुढच्या चिठ्ठीशी काही संबंध उरला नाही. एक पावलाच्या परतफेऱ्या तिपटीहून जास्त झाल्या. मग सरासरी परतीचा काळ खूप घटला असेल? अजिबात नाही. तो २.३१५ च आहे. असणारच, कारण दोरी तेवढीच लांब आणि लाल मणी तेवढेच.

मग त्या वाढलेल्या छोट्या फेऱ्यांची भरपाई कुठे झाली? लांब फेऱ्यांत. पोत्यातून काढलेल्या मजकुरात दर शंभरातले सुमारे सहा तुकडे सहा किंवा त्याहून जास्त पावलांचे असतात, म्हणजे स्वरांच्या मध्ये निदान पाच व्यंजने ओळीने. आपल्या दोन स्थितींच्या साखळीत असे तुकडे शंभरात साधारण एक. सरासरीला याची खबरही नसते.

मार्कोव्हने तीन-तीन अक्षरांची मोजणीही केली होती आणि ती आपल्या फार कामाची आहे. सलग तीन व्यंजने त्याला ५०५ वेळा सापडली. सलग दोन व्यंजनांच्या जोड्या किती, हे आपण काढू शकतो : ११३६२ व्यंजनांतून ७५३४ वेळा पुढे स्वर आला, उरलेल्या ३८२८ वेळा व्यंजन. म्हणजे आधीच दोन व्यंजने झाली असतील तर तिसरे येण्याची शक्यता ५०५ भागिले ३८२८, फक्त ०.१३२. पण एकच व्यंजन झाले असेल, त्याच्या मागे स्वर असेल, तर दुसरे व्यंजन येण्याची शक्यता ३३२३ भागिले ७५३४, म्हणजे ०.४४१. जिभेला हे समजते. दोन व्यंजने ओळीने उच्चारली की ती स्वराचा आधार शोधते. आधीच्या साखळीत मात्र आपण दोन्ही प्रसंगांना एकच ०.३३७ लावला होता. थोडक्यात, आपली दोन स्थितींची साखळी भाषेबद्दल चुकीचे बोलत होती.

चूक सुधारायची तर स्थिती तीन करू. स्वर, पहिले व्यंजन (ज्याच्या मागे स्वर आहे) आणि पुढचे व्यंजन (ज्याच्या मागे आधीच व्यंजन आहे). स्वरावरून ०.१२८ शक्यतेने स्वर, ०.८७२ ने पहिले व्यंजन. पहिल्या व्यंजनावरून ०.५५९ ने स्वर, ०.४४१ ने पुढचे व्यंजन. पुढच्या व्यंजनावरून ०.८६८ ने स्वर आणि ०.१३२ ने पुन्हा पुढचे व्यंजनच.

स्वरापासून स्वरापर्यंतचा काळ आता नव्याने काढू. पुढच्या व्यंजनावर असलो तर सुटायला सरासरी १ भागिले ०.८६८, म्हणजे १.१५२ पावले. पहिल्या व्यंजनावर असलो तर एक पाऊल नक्की, आणि ०.४४१ शक्यतेने वर ते १.१५२. एकूण १.५०८. थांबा, हा आकडा ओळखीचा आहे! जुन्या चुकीच्या साखळीतही व्यंजनावर पडल्यावर सुटायला १.५०८ च लागत होते. म्हणून स्वराकडे परतीचा काळही तोच, २.३१५. भाषेबद्दलची आपली समज सुधारली, शक्यता बदलल्या, तुकड्यांची घडण बदलली (सहा किंवा अधिक पावलांचे तुकडे आता हजारात एकाहून कमी), पण सरासरी जागची हलली नाही. पोत्यातली खिचडी, विसराळू साखळी आणि जरा जास्त लक्षात ठेवणारी साखळी, तिघींचे उत्तर एकच.

म्हणूनच हा नियम खरे तर मार्कोव्ह साखळीच्या मालकीचा नाही. स्मरणशक्ती कितीही असो, ज्या प्रक्रियेचा स्वभाव काळानुसार बदलत नाही आणि जी मुळात दोन वेगवेगळ्या जगांची मिसळ नाही, तिला तो लागू होतो. हे व्यापक रूप मार्क काक या गणितज्ञाने १९४७ साली दिले आणि ते त्याच्या नावाने ओळखले जाते.

तिसरी स्थिती नियमाला लावून पाहू, कारण तिथे सरळ हिशेब जरा किचकट होतो आणि व्यस्ताची वाट किती सोयीची आहे ते कळते. ‘पुढचे व्यंजन’ या स्थितीची हजेरी ३८२८, वाटा ०.१९१४, म्हणून परतीचा काळ २०००० भागिले ३८२८, म्हणजे ५.२२५ पावले. संपले.

सरळ वाटेने जायचे तर असे. पुढच्या व्यंजनावरून एक पाऊल टाकले, ०.१३२ शक्यतेने तिथेच. नाहीतर स्वरावर. आता स्वरावरून ‘पुढचे व्यंजन’ गाठायचे. आधी स्वरांतून बाहेर पडून पहिल्या व्यंजनावर यायला सरासरी १ भागिले ०.८७२, म्हणजे १.१४७ पावले. तिथून एक पाऊल, ज्यात ०.४४१ शक्यतेने काम होते आणि ०.५५९ शक्यतेने सापाने गिळल्यासारखे पुन्हा स्वरावर. म्हणजे हवा असलेला काळ बरोबर २.१४७ अधिक ०.५५९ गुणिले तोच काळ. सोडवला की ४.८६८. मग परतीचा काळ १ अधिक ०.८६८ गुणिले ४.८६८, म्हणजे ५.२२५. तेच उत्तर, फक्त घाम गाळून.

या गाळलेल्या घामात एक धडा मात्र आहे. स्वरावरून ‘पुढचे व्यंजन’ गाठायला ४.८६८ पावले लागतात आणि त्या स्थितीतून निघून तिथेच परतायला ५.२२५. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्यस्ताचा नियम फक्त दुसऱ्याचे उत्तर देतो. तुम्ही त्या स्थितीतच उभे असायला हवे, दुसरीकडून तिकडे जायला किती लागेल याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. डोळे मिटून पानावर कुठेही बोट ठेवले आणि पुढचा स्वर यायला किती पावले, असे विचारले, तर तीन स्थितींच्या साखळीत उत्तर १.७९ च्या आसपास येते, २.३१५ नाही. कारण बोट बहुतेकदा तुकड्याच्या मध्येच कुठेतरी पडते आणि अर्धा रस्ता आधीच सरलेला असतो. गंमत म्हणजे हा १.७९ स्मरणशक्तीप्रमाणे बदलतो. विसराळू साखळीत तो १.८६ येतो, आणि पोत्यातल्या मजकुरात पूर्ण २.३१५, कारण तिथे आपण कुठे उभे आहोत याला काही महत्त्वच नाही.

संगणकावर पडताळून पाहायचे असेल तर एवढे पुरेल :

```python
import random
P = {'V':  [('V', .128), ('C1', .872)],
     'C1': [('V', .559), ('C2', .441)],
     'C2': [('V', .868), ('C2', .132)]}
s, last, gaps = 'V', 0, []
for t in range(1, 1000001):
    names, w = zip(*P[s])
    s = random.choices(names, w)[0]
    if s == 'C2':
        if last: gaps.append(t - last)
        last = t
print(sum(gaps) / len(gaps))
```

इथे `V` म्हणजे स्वर, `C1` पहिले व्यंजन, `C2` पुढचे व्यंजन. उत्तर ५.२२ च्या आजूबाजूला घुटमळेल. `if last` ही ओळ कशाला, तर पहिला तुकडा टाकून द्यायला. सुरुवात स्वरावरून झाली आहे, त्यामुळे तो तुकडा परतफेरी नाहीच.

अशा पडताळणीत सगळ्यात सहज होणारी चूक दुसरी आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. एक लांब चाल चालवण्याऐवजी हजार छोट्या चाली चालवायच्या, प्रत्येकीला पन्नास पावलांची मर्यादा घालायची, आणि ज्या चाली तोवर परतल्या नाहीत त्या ‘अपूर्ण’ म्हणून फेकून द्यायच्या. फेकलेल्या चाली नेमक्या लांब फेऱ्यांच्या असतात, म्हणून सरासरी खाली घसरते. वरच्या साखळीत पन्नास पावले भरपूर झाली, तिथे ही चूक दिसत नाही. दुर्मीळ स्थितीला मात्र ती चांगलीच भोवते. ओळखायची खूण सोपी : मिळालेली सरासरी आणि त्या स्थितीचा स्वतंत्रपणे मोजलेला वाटा यांचा गुणाकार करा. तो एकाच्या जवळ नसेल तर कुठेतरी तुकडे गळत आहेत.

नियम कुठे हात टेकतो तेही बघू. साखळीचे तुकडे पडले असतील, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाताच येत नसेल, तर ‘दीर्घकाळातला वाटा’ कोठून निघालो यावर अवलंबून राहतो. तेव्हा प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा मांडायचा. आणि स्थिती अनंत असतील तर आणखी एक पेच. एका सरळ रस्त्यावर नाणे उडवून एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे टाकत राहणारा माणूस निघाल्या जागी कधी ना कधी नक्की परततो, पण सरासरी परतीचा काळ अनंत आहे. नियम इथे मोडत नाही, उलट बरोबर इशारा देतो : त्या जागेचा दीर्घकाळातला वाटा शून्याकडे जातो, आणि शून्याचा व्यस्त काढायला गेल्यास हेच व्हायचे.

‘मला पाणी दे’ सारखी एकाआड एक चालणारी साखळी मात्र अडचण नाही, जरी बरेच जण तिला घाबरतात. तिथे ‘शंभराव्या पावलाला स्वर असण्याची शक्यता’ कधीच अर्ध्यावर स्थिर होत नाही, ती कायम शून्य किंवा एक राहते. पण वाटा म्हणजे किती टक्के वेळ तिथे गेला, असा अर्थ घेतला की तो अर्धाच, आणि परतीचा काळ दोनच.

याच जातीचे, पण पुष्कळ मोठे उदाहरण बुद्धिबळाच्या पटावर आहे. रिकाम्या पटावर एकटा घोडा कोपऱ्यातल्या घरात ठेवा. प्रत्येक वेळी त्याच्या शक्य चालींतून एक चिठ्ठी टाकून निवडा. पुन्हा त्याच कोपऱ्यात यायला सरासरी किती चाली? चौसष्ट घरांची साखळी आहे. सरळ वाटेने गेलात तर चौसष्ट समीकरणे मांडून बसावे लागेल. दर चालीला घोडा रंग बदलतो, पांढऱ्या घरातून काळ्यात, त्यामुळे तो फक्त सम चालींनाच परतू शकतो. चालतंय.

वाटा शोधायला इथे एक सोय आहे. घोड्याची प्रत्येक चाल उलटही करता येते, आणि अशा भटकंतीत आवक-जावक जुळवायची तर प्रत्येक घराचा वाटा तिथून निघणाऱ्या चालींच्या प्रमाणात ठेवला की झाले. मग एका घरातून शेजारच्या घराकडे जितकी रहदारी, तितकीच उलट. आता नुसती मोजणी. चार कोपऱ्यांतून प्रत्येकी २ चाली, ८ घरांतून ३, वीस घरांतून ४, सोळा घरांतून ६ आणि मधल्या सोळा घरांतून ८. बेरीज ८ अधिक २४ अधिक ८० अधिक ९६ अधिक १२८, म्हणजे ३३६. कोपऱ्याचा वाटा ३३६ मध्ये २. व्यस्त, १६८ चाली.

मधल्या घरातून निघालात तर ३३६ मध्ये ८, म्हणजे ४२ चालींत परत. पट तोच आणि घोडाही तोच, तरी कोपऱ्यातून निघालेल्याला चौपट भटकावे लागते, आणि एका समीकरणालाही हात न लावता हे सांगता आले.